विश्लेषण : ‘साहेबांना सांगून गेलो होतो’ हे सिद्ध कसे करणार? रजेच्या निरोपांची नोंद का आणि कशी ठेवावी?

‘साहेबांना सांगून गेलो होतो’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात, गोदामात आणि दुकानात ऐकू येते. बहुतेक वेळा ते खरेही असते. अडचण येते ती काही महिन्यांनी. तोवर साहेब बदललेले असतात, व्हॉट्सॲपवरचा निरोप सापडत नाही आणि हजेरीच्या नोंदीत त्या दिवसांपुढे ‘विनापरवानगी गैरहजर’ असा शेरा पडलेला असतो. रजा घेतली की नाही हा वाद तेव्हा उरत नाही. मंजुरी होती की नव्हती, एवढ्यावरच सारे अडते. त्याचा पुरावा बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्येच असतो, पण तो नीट जपलेला नसतो.

हे कसे घडते?

एक प्रसंग घेऊ. तो काल्पनिक असला तरी असे अनुभव अनेकांच्या ओळखीचे असतील. भिवंडीतल्या एका गोदामात बिलिंगचे काम करणारा कर्मचारी. पगार महिना 24,000 रुपये, रविवारी साप्ताहिक सुट्टी, खात्यावर नऊ दिवसांची अर्जित रजा शिल्लक. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने सोमवार, 9 जून 2025 रोजी सुपरवायझरला तोंडी विचारले, ‘गुरुवार ते शनिवार गावी जाऊ का?’ उत्तर मिळाले, ‘जा, काही हरकत नाही.’ 12 ते 14 जून असे तीन दिवस तो गेला. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावल्याने रविवारी संध्याकाळी त्याने निरोप धाडला, ‘सर उद्या परवा येऊ शकत नाही, आईचे डॉक्टर थांबा म्हणाले.’ त्यावर अंगठ्याचे चिन्ह आले. बुधवारी, 18 जूनला तो कामावर हजर झाला.

जुलैत पगारपत्रक आले तेव्हा 4,800 रुपये कापलेले होते. 24,000 भागिले 30 म्हणजे दिवसाचे 800 रुपये, आणि गैरहजेरीचे दिवस सहा. कामाचे दिवस पाचच बुडाले होते, पण मधला रविवारही धरला गेला. नऊ दिवसांच्या शिल्लक रजेतून एकही दिवस वळता झालेला नव्हता. त्याने एचआरमध्ये तोंडी विचारले, ‘बघतो’ असे उत्तर मिळाले आणि विषय तिथेच राहिला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या हातात नोटीस पडली. ‘वारंवार विनापरवानगी गैरहजेरी’च्या यादीत जूनमधले हे दिवसही होते. सुपरवायझर ऑगस्टमध्येच नोकरी सोडून गेला होता. व्हॉट्सॲप उघडले तर ती चॅट रिकामी. सुपरवायझरने तिथे 90 दिवसांनी निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू ठेवली होती. 15 जूनचा निरोप सप्टेंबरच्या मध्यालाच पुसला गेला होता.

या कर्मचाऱ्याने खोटे काही केले नव्हते. पण तो खरे बोलतो आहे हे दाखवणारी एकही ओळ त्याच्याकडे उरली नव्हती.

रजा कळवली म्हणजे ती मंजूर झाली का?

नाही. सर्वाधिक घोळ होतो तो इथेच. ‘मी येणार नाही’ ही माहिती आहे. ‘मला अमुक दिवसांची अमुक रजा हवी आहे’ हा अर्ज आहे. आणि ‘मंजूर’ हा निर्णय आहे. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वादाच्या वेळी त्यातली प्रत्येक स्वतंत्रपणे दाखवावी लागते.

वरच्या प्रसंगात पहिल्या तीन दिवसांची मंजुरी होती, पण तोंडी. नंतरच्या दोन दिवसांसाठी नुसती माहिती होती, अर्ज नव्हता, कारण कोणती रजा धरावी हे त्याने लिहिलेच नाही. अंगठ्याच्या चिन्हाचे दोन अर्थ निघतात : ‘मंजूर’ आणि ‘वाचले’. देणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असला, तरी चार महिन्यांनी फाइल पाहणारा तिसरा माणूस दुसरा अर्थ काढू शकतो. निळ्या खुणा त्याहून कमी सांगतात. निरोप उघडला गेला, एवढेच त्यातून कळते.

हाच निरोप असा लिहिता आला असता : ‘सर, आईच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी मंगळवारी आहे. सोमवार 16 आणि मंगळवार 17 जून अशी दोन दिवसांची अर्जित रजा वाढवून हवी आहे. माझ्या खात्यावर रजा शिल्लक आहे. बुधवार 18 ला हजर होईन. मंजूर आहे का, कृपया कळवावे.’ यात तारखा आहेत, वार आहेत, रजेचा प्रकार आहे, परत येण्याचा दिवस आहे आणि शेवटी थेट प्रश्न आहे. प्रश्न विचारला की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येते. अशा प्रश्नाखाली नुसता अंगठा आला, तरी त्याचा अर्थ बराच स्पष्ट होतो.

मंजुरी तोंडीच मिळाली तर?

छोट्या आस्थापनांत बहुतेक मंजुऱ्या तोंडीच मिळतात आणि वरिष्ठाकडे ‘लिहून द्या’ म्हणून हट्ट धरणे शक्य नसते. त्याची गरजही नाही. बोलणे झाले की त्याच दिवशी आपणच लिहायचे : ‘आज सकाळी 11 वाजता बोलल्याप्रमाणे 12 ते 14 जून माझी रजा मंजूर केल्याबद्दल धन्यवाद. काही बदल असेल तर कृपया कळवावे.’ यात उद्धटपणा नाही, आभारच आहेत. पण समोरच्याने तो निरोप वाचून हरकत घेतली नाही, तर बोलणे झाले होते हे सांगणारी, त्याच दिवशी लिहिलेली एक ओळ तयार होते. वाद उभा राहिल्यावर लिहिलेल्या दहा पानी खुलाशापेक्षा वाद नसताना लिहिलेल्या अशा दोन ओळींना अधिक वजन असते.

उत्तरच आले नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा आठवण करावी. त्या आठवणीत पहिल्या निरोपाची तारीख लिहावी. मौन म्हणजे मंजुरी, असे गृहीत धरू नये. मात्र आपण वेळेत विचारले होते आणि उत्तर आले नाही, हे दाखवता आले तरी ‘न सांगता गेला’ हा आरोप टिकणे अवघड होते.

व्हॉट्सॲपवरचा पुरावा कसा जपायचा?

व्हॉट्सॲपवरचा निरोप कायमचा असतो, हा समज सोडून द्यावा. निरोप आपोआप नाहीसे होण्यासाठी 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस असे पर्याय असतात आणि दोघांच्या चॅटमध्ये ते कोणीही सुरू करू शकते. शिवाय ‘मंजूर’ असे लिहिणारा आपला निरोप सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसून टाकू शकतो. पाठवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत तो त्यात बदलही करू शकतो. म्हणून मंजुरी आली की त्याच दिवशी ती जपावी.

पहिली सवय स्क्रीनशॉटची. पण बहुतेकांचे स्क्रीनशॉट अपुरे असतात. त्याच दिवशी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये निरोपाच्या वर तारखेऐवजी ‘आज’ असेच दिसते आणि समोरच्याचे नाव ‘सर’ किंवा ‘ऑफिस’ असे असते. चार महिन्यांनी तो ‘आज’ कोणता आणि ‘सर’ कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आपला अर्ज आणि त्यावरचे उत्तर एकाच चित्रात यावे, आणि समोरच्याच्या माहितीचे पान उघडून त्याचा नंबर दिसणारा दुसरा स्क्रीनशॉट काढावा. चित्र कापू नये, त्यावर रेघा ओढू नयेत. आपल्या निरोपावर बोट दाबून धरून माहितीचा पर्याय निवडला की तो कधी पोहोचला आणि कधी वाचला गेला, हे दिसते. त्याचेही चित्र घ्यावे. समोरच्याने वाचल्याची खूण बंद ठेवली असेल तर फक्त पोहोचल्याची वेळ मिळते. तीही पुरेशी उपयोगाची असते.

दुसरी सवय आहे संपूर्ण चॅट बाहेर काढून ठेवण्याची. अँड्रॉइड फोनवर ती चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांत `More` आणि मग `Export chat` निवडले की सगळे निरोप तारीख-वेळेसह एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. आयफोनवर हा पर्याय त्या व्यक्तीच्या माहितीच्या पानावर तळाशी मिळतो. ‘आज’चा प्रश्न इथे सुटतो, कारण प्रत्येक ओळीपुढे पूर्ण तारीख असते. शिवाय आधीचे आणि नंतरचे बोलणे सोबत राहते, त्यामुळे सोयीचा तेवढाच तुकडा उचलला असे म्हणता येत नाही. ही फाइल आणि चित्रे स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवावीत. व्हॉट्सॲपवरूनच कोणाला तरी पाठवून ठेवू नयेत, कारण तिथे चित्राचा दर्जा घटतो आणि त्याच्यासोबतची मूळ माहिती गळून जाते. प्रगत गोपनीयतेची सोय सुरू असलेल्या चॅटमध्ये `Export chat` चालत नाही. तिथे स्क्रीनशॉट आणि ईमेलवर पाठवलेला अर्ज यांवरच भिस्त ठेवावी.

तिसरी गोष्ट ग्रुपची. ‘उद्या येत नाही’ असे चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकणे म्हणजे अर्ज नव्हे. ग्रुपवर हवे तर कळवा, पण मंजुरी ज्याच्या हातात आहे त्याला स्वतंत्र निरोप पाठवा.

कंपनीचे पोर्टल असेल तर काळजी नको?

पोर्टल असणे चांगले, पण तिथे दोन गोष्टी घडतात. साहेब तोंडी हो म्हणतात आणि पोर्टलवरचा अर्ज ‘प्रलंबित’ राहतो. महिनाअखेरीस पगाराचा हिशेब लागतो तेव्हा प्रलंबित रजा बिनपगारी धरली जाऊ शकते. म्हणून रजेवर जाण्यापूर्वी आणि परत आल्यावर अर्जाची स्थिती पाहावी. दुसरे म्हणजे नोकरी सुटते त्या दिवशी पोर्टलचे आणि कंपनीच्या ईमेलचे दार बंद होते, आणि शेवटच्या हिशेबाचा वाद नेमका त्यानंतर उभा राहतो. रजेचे खाते आणि पगारपत्रके दर महिन्याला उतरवून घेण्याची सवय त्यासाठीच हवी. मात्र स्वतःचे रजेचे अर्ज आणि उत्तरे एवढेच बाहेर न्यावे. कंपनीची इतर कागदपत्रे किंवा ग्राहकांची माहिती खासगी ईमेलवर पाठवली तर रजेच्या वादातून वेगळेच प्रकरण उभे राहील.

चूक सापडायची वेळ कोणती?

पगारपत्रक येते तो दिवस. आपल्या प्रसंगातला कर्मचारी पुरावा नसल्यामुळे अडकला असे वाटते, पण जुलैत तो निरोप अजून त्याच्या फोनमध्ये होता आणि सुपरवायझरही कामावर होता. पगारपत्रकातले ‘एलओपी’ किंवा ‘बिनपगारी’ दिवस आपल्या नोंदीशी ताडून त्याच आठवड्यात लिहिले असते, तर गोष्ट पाच मिनिटांची होती. ते पत्र एवढेच : ‘जूनच्या पगारात सहा दिवस बिनपगारी दाखवले आहेत. 12 ते 14 जूनची रजा 9 जूनला आणि 16, 17 जूनची रजा 15 जूनला मंजूर झाली होती. निरोप सोबत जोडले आहेत. खात्यावर नऊ दिवस शिल्लक असल्याने हे पाच दिवस त्यातून वळते करावेत आणि 4,800 रुपये परत मिळावेत. रविवार कोणत्या नियमाने धरला, तेही कळवावे.’ रजांच्या मधली सुट्टी धरण्याची पद्धत काही कंपन्यांत आहे. ती लेखी नियमात आहे का, हे विचारणे योग्यच.

तोंडी विचारले की उत्तरही तोंडी मिळते. लेखी विचारले की तो प्रश्न फाइलमध्ये जातो आणि ऑक्टोबरची नोटीस लिहिणाऱ्यालाही तो दिसतो.

कायदा काय सांगतो?

2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम लागू असलेल्या ठिकाणी कामगाराला वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. वर्षात किमान 240 दिवस काम केले असेल तर पुढील वर्षी दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने रजा नाकारली, तर 45 दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्कही आहे. म्हणजे मंजुरीइतकाच नकारही जपून ठेवावा. पंधरा दिवस आधी अर्ज केला होता हे तारखेनिशी दाखवता आले, तरच तो हक्क उपयोगाचा.

गैरहजेरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असावेत. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, अशा नियमावर बोट ठेवून एका कामगाराला काढण्यात आले होते. आपल्याला फाटकावरच अडवले गेले, असे त्याचे म्हणणे होते. डी. के. यादव यांच्या या खटल्यात 1993 मध्ये न्यायालयाने सांगितले, की बाजू मांडण्याची संधी न देता, चौकशी न करता असे काढता येत नाही. 2012 मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशी कारणे माणसाच्या हातातली नसतात. दोन्ही निकालांचा आधार घ्यायचा तर आपण वेळेत कळवले होते, हे चौकशीत दाखवावे लागते. एका ओळीच्या निरोपाचे वजन तिथे कळते.

निरोप न्यायालयापर्यंत गेला तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की मूळ उपकरणच मालकाने हजर करून सिद्ध केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत दिली तर ते लागते. वाद सुरू असताना जुना फोन विकू नये किंवा पुसून नवा करू नये, ही त्यातली व्यवहारातली शिकवण. अर्थात बहुतेक वाद न्यायालयात जात नाहीत. ते एचआरच्या टेबलावर, फार तर कामगार आयुक्त कार्यालयात मिटतात आणि तिथे तारीखवार लावलेली चार कागदांची फाइलही पुरते.

नोंद ठेवूनही काय होत नाही?

नाकारलेली रजा नोंदीने मंजूर होत नाही. शिल्लक नसलेली रजा पगारी होत नाही. ‘नाही’ असे उत्तर आल्यावरही गेलो, तर तोच निरोप आपल्याविरुद्ध पुरावा ठरतो. नोंद दोन्ही बाजूंनी बोलते.

‘हे सगळे म्हणजे साहेबांवर अविश्वास’ असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. बँकेत पैसे भरल्यावर आपण पावती घेतो तेव्हा रोखपालावर संशय घेत नसतो. शिवाय सुपरवायझर बदलला, आजारी पडला किंवा त्याला खरेच आठवले नाही, तर हीच नोंद त्यालाही वाचवते. पण पावती मागण्याची सगळी जबाबदारी कामगारावर टाकणे हेही बरोबर नाही. हजेरी अंगठ्याच्या ठशाने मिनिटामिनिटाची मोजायची आणि रजेची मंजुरी मात्र तोंडी ठेवायची, हा हिशेब एकतर्फी आहे. हजेरीचे यंत्र लावणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने रजेच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी ‘हो’ किंवा ‘नाही’ द्यावे, आणि मुदतीत उत्तर दिले नाही तर त्या दिवसांना ‘विनापरवानगी’ म्हणू नये, एवढा नियम कंपन्यांनी स्वतःहून करायला हवा. त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही.

तोपर्यंत पुढच्या रजेच्या वेळी तारखा लिहा, थेट प्रश्न विचारा, उत्तर त्याच दिवशी जपा आणि पगारपत्रक आले की ताडून पाहा. भिवंडीच्या त्या गोदामात यातल्या कोणत्याही एका पायरीवर ऑक्टोबरची नोटीस कमकुवत झाली असती.